१९व्या आठवड्यात वहिनीला स्तनाचा कॅन्सर: कुठला स्कॅन चालतो, केमो कधी?

नीलाक्षी
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझी वहिनी ३२ वर्षांची आहे. पहिलं बाळ, आज १९ आठवडे ३ दिवस. चौदाव्या आठवड्यात आंघोळ करताना डाव्या स्तनात, काखेकडच्या बाजूला, गाठ हाताला लागली. आम्ही सगळ्यांनी, मी धरून, 'दुधाच्या ग्रंथी फुगतात गं' म्हणून तो विषय बाजूला टाकला. तीन आठवडे गेले तरी गाठ तिथेच, उलट जास्त टणक. मग बारीक सुई घालून पेशी तपासल्या. रिपोर्टमध्ये 'गरोदरपणातले बदल असू शकतात, खात्रीने सांगता येत नाही' असं आलं. त्यावर आणखी एक आठवडा आम्ही निर्धास्त बसलो. शेवटी सोनोग्राफीत २.९ सेंमीची वेडीवाकडी गाठ दिसली, जाड सुईची बायोप्सी झाली आणि निदान आलं: कॅन्सर, ग्रेड ३, ट्रिपल निगेटिव्ह. काखेतल्या एका गाठीतही पेशी सापडल्या.

आता ऑन्कोलॉजिस्टनी मॅमोग्राफी आणि छातीचा एक्स-रे लिहून दिलाय. आई म्हणते, पोटात बाळ असताना एक्स-रे म्हणजे वेडेपणा. दादा उलट म्हणतो, एवढं करतायत तर पेट स्कॅनच करून सगळं शरीर का बघत नाहीत? त्याला मात्र डॉक्टर नाही म्हणाले. आणि २१व्या आठवड्यापासून केमो. बाळ आत असताना! घरात तीन मतं आहेत: गर्भ राहू देऊ नये, बाळ लवकर काढून घ्यावं, किंवा बाळ होईपर्यंत केमो थांबवावी. वहिनी कुणाशीच बोलत नाही, नुसती ऐकते. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया लिहा.

वाटसरू
ताई, एक्स-रेला साफ नकार द्या. गरोदरपणात किरणोत्सर्ग शून्यच हवा, हे अगदी मूलभूत आहे. त्याऐवजी एमआरआय करून घ्या, त्यात किरण नसतातच. स्तनांचा आणि लिव्हरचा कॉन्ट्रास्ट घालून एमआरआय केला की सगळं स्वच्छ दिसतं. हॉस्पिटलवाले हे स्वतःहून सुचवत नाहीत, आपणच मागायचं.

क्षकिरण
मी रेडिओलॉजिस्ट आहे. वाटसरू यांचं निम्मं बरोबर आहे. दुसरं निम्मं इतकं चुकीचं आहे की आधी तेच घेतो.

एमआरआयचं मशीन गरोदरपणात चालतं. पण त्यात जो कॉन्ट्रास्ट शिरेतून देतात तो गॅडोलिनियमचा असतो आणि तो वार ओलांडून बाळाकडे जातो. बाळ तो लघवीवाटे गर्भजलात सोडतं, तेच पाणी पुन्हा गिळतं, पुन्हा सोडतं. आईच्या अंगातून जे औषध काही तासांत बाहेर पडतं ते बाळाभोवती कितीतरी जास्त वेळ फिरत राहतं. म्हणून फारच नड असल्याशिवाय आम्ही देत नाही. आणि स्तनांचा एमआरआय कॉन्ट्रास्टशिवाय केला तर या कामासाठी त्यातून फारसं काही कळत नाही. त्यात तो पालथं झोपून करायचा असतो. विसाव्या आठवड्याचं पोट घेऊन अर्धा तास पालथं झोपायला सांगून बघा कुणाला.

आता एक्स-रे. प्रश्न 'किरण आहेत का' हा नसतो, 'बाळापर्यंत किती पोचतात' हा असतो. मॅमोग्राफीत किरण स्तनावर पडतात, तेही कमी ताकदीचे. बाळापर्यंत ०.०१ मिलिग्रेपेक्षाही कमी पोचतं. छातीच्या एक्स-रेचंही तसंच. काहीच तपासणी न करता, नुसतं या पृथ्वीवर राहून, पोटातल्या बाळाला नऊ महिन्यांत साधारण ०.५ ते १ मिलिग्रे मिळतोच. बाळाला इजा होण्याची काळजी आम्ही ५० मिलिग्रेच्या पुढे करायला लागतो. आईंना हा हिशेब सांगा: शंभर मॅमोग्राफी केल्या तरी निसर्ग देतो त्याच्या आसपासच जमा होईल.

दादांचा पेट स्कॅन मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यात किरणोत्सर्गी साखर रक्तात सोडतात. ती मूत्राशयात साठते आणि मूत्राशय गर्भाशयाला चिकटूनच असतं. वर सीटीचे किरण असतात ते निराळेच. पूर्ण पेट-सीटीत बाळाला १० ते ५० मिलिग्रे मिळू शकतात. हा आकडा लगेच संकट म्हणावा असा नाही, पण टाळता येत असेल तर टाळतात.

मी स्वतः प्रत्येक फॉर्मवर एकच प्रश्न विचारतो: या स्कॅनच्या उत्तराने पुढच्या चार महिन्यांतला उपचार बदलणार आहे का? तुमच्या वहिनींना केमो लागणार हे गाठीचा प्रकार आणि काख यावरूनच ठरलंय. म्हणून आत्ता मॅमोग्राफी (दुसरा स्तन बघायला, आणि सोनोग्राफीत न दिसणारे चुन्याचे बारीक कण बघायला), छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी. पाठ दुखत असेल किंवा कुठे शंका आली तर मणक्याचा आणि लिव्हरचा साधा, कॉन्ट्रास्टशिवाय एमआरआय. उरलेलं बाळंतपणानंतर.

नीलाक्षी
डॉक्टर, फार आभार. आईला वाचून दाखवलं. तिचा पुढचा प्रश्न: पोटावर शिशाचा एप्रन घालतील ना?

क्षकिरण
मागितलात तर देतील. खरं सांगायचं तर मॅमोग्राफीत त्याने जवळजवळ काही फरक पडत नाही. बाळापर्यंत जे काही थोडं पोचतं ते शरीराच्या आतून विखरून पोचतं, बाहेरच्या एप्रनला त्याचा पत्ताच लागत नाही. पण आईंना झोप लागत असेल तर घालू द्या, मी वाद घालत नाही.

बारीक सुईच्या रिपोर्टबद्दल राहिलं. या दिवसांत स्तनातल्या पेशी मुळातच भराभर वाढत असतात, सूक्ष्मदर्शकाखाली त्या बिथरलेल्या दिसतात. त्यामुळे सुट्या पेशी बघून सांगणाऱ्याची दोन्ही बाजूंनी फसगत होते: नसलेला कॅन्सर दिसतो, असलेला निसटतो. म्हणून गरोदरपणात जाड सुईनेच तुकडा काढायचा आणि फॉर्मवर 'गरोदर' असं ठळक लिहायचं. त्याला भूल फक्त तेवढ्या जागेपुरती लागते. आणि जी गाठ दोन आठवड्यांत विरत नाही तिची सोनोग्राफी व्हायलाच हवी, दिवस गेलेले असोत वा नसोत.

आनंदयात्री५
खूप वाईट वाटलं वाचून. पण धीर सोडू नका, माझ्या मावसबहिणीला कॅन्सर होऊन गेल्यावर तीन वर्षांनी दिवस राहिले आणि मुलगी अगदी छान आहे. केमोआधी अंडी गोठवून ठेवली होती. तुम्हीही विचारून घ्या.

मृद्‌गंध
@आनंदयात्री, त्यांच्या वहिनी आत्ता गरोदर आहेत हो. कॅन्सरनंतरच्या गरोदरपणाबद्दल विचारलेलं नाही.

नीलाक्षी, मी यातून गेलेय म्हणून लिहिते. मला २९व्या आठवड्यात कळलं, स्तनाचाच. तेव्हाच्या माझ्या डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं: बाळ पोटात असताना आपण काही करायचं नाही, बाळ बाहेर काढू आणि मग सुरू करू. फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली आणि ३२व्या आठवड्यात सिझर केलं. मुलगा १.६ किलोचा. तो २६ दिवस काचपेटीत होता, त्यातले सहा दिवस श्वासाच्या मशीनवर. माझी केमो तरीही सिझरनंतर तीन आठवड्यांनीच सुरू झाली, कारण टाके भरेनात. म्हणजे घाई करून मिळवलं काय? पुढे दुसऱ्या ठिकाणी मत घ्यायला गेले तर तिथल्या बाई कागद बघून बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, 'दोन-तीन सायकल आतच देता आल्या असत्या, बाळही पूर्ण दिवसांचं झालं असतं.' मुलगा आज आठ वर्षांचा आहे, चष्मा आहे, लिहायला हळू आहे. लवकर झाल्यामुळेच असं मी म्हणत नाही, पण रात्री मनात येतंच.

लवकर काढून घ्या म्हणणाऱ्यांना एवढं सांगा की 'लवकर' हेसुद्धा एक औषध आहे आणि त्याचे दुष्परिणाम बाळाला होतात.

अजातशत्रू
मृद्‌गंध, तुमच्याबद्दल आदर आहे. पण केमो म्हणजे भराभर वाढणाऱ्या पेशी मारणारं विष. पोटातल्या बाळाइतकं भराभर वाढणारं दुसरं काय असतं? 'चालते' म्हणणाऱ्यांनी वीस वर्षांनंतरची मुलं बघितलीत का? हा प्रयोगच आहे. फार तर अर्धा डोस द्यावा.

शुभ्रा
मी केमो डे-केअरमध्ये नर्स आहे, चौदा वर्षं झाली. गरोदर पेशंट माझ्या हाताखालून मोजून नऊ गेल्या. तेव्हा फार आहेत असं नाही, पण बघितलंय.

अजातशत्रू, तुमची शंका पहिल्या तीन महिन्यांसाठी शंभर टक्के खरी आहे. तेव्हा बाळाचे अवयव घडत असतात आणि केमो दिली तर व्यंगाचं प्रमाण १० ते २० टक्क्यांवर जातं, म्हणून तेव्हा देतच नाहीत. साधारण १४व्या आठवड्यानंतर अवयव तयार झालेले असतात, फक्त वाढत असतात. तेव्हा व्यंगाचं प्रमाण इतर बाळांइतकंच राहतं. वजन थोडं कमी भरू शकतं, तो धोका आहे आणि तो आम्ही मोजत राहतो. शिवाय वार म्हणजे नुसती चाळणी नाही. तिच्यात औषधं उलट आईकडे ढकलणारी यंत्रणा असते आणि लाल औषध (डॉक्सोरुबिसिन) ती बऱ्यापैकी अडवते. सगळी औषधं सारखी अडवली जात नाहीत, म्हणून तर कुठली द्यायची हे निवडावं लागतं.

अर्धा डोस मात्र नको. गरोदरपणात रक्ताचं पाणी वाढलेलं असतं, किडन्या जोरात चालतात, म्हणजे त्याच डोसची रक्तातली पातळी आधीच थोडी कमी राहते. त्यात निम्मा केला तर बाळाला औषध लागणारच आणि गाठीला पुरेसं मिळणार नाही. दोघांचंही नुकसान. आम्ही त्या दिवसाचं खरं वजन घेऊन डोस काढतो, दर वेळी नव्याने.

क्षकिरण
मुलांबद्दल विचारलंय म्हणून. २०१५ मध्ये बेल्जियमच्या फ्रेडरिक अमांट यांच्या गटाने आईला गरोदरपणात कॅन्सर झालेली १२९ मुलं, तेवढ्याच आठवड्यांची जन्मलेली इतर मुलं शेजारी ठेवून तपासली. बहुतेकांना पोटात असताना केमो मिळाली होती. दीड ते तीन वर्षांच्या वयात बुद्धीची वाढ आणि हृदय यांत दोन गटांत फरक सापडला नाही. जिथे बुद्धीची चाचणी मागे पडली तिथे दोन्ही गटांत संबंध दिसला तो लवकर जन्मण्याशी. मृद्‌गंध यांनी लिहिलंय तेच. पुढे सहा वर्षांच्या वयापर्यंतही याच गटाने पाठपुरावा केला.

वीस वर्षांनंतरचं, त्या मुलांना पुढे मूल होण्याबद्दलचं, यावर मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. अजातशत्रूंचा तेवढा मुद्दा उभाच आहे.

नीलाक्षी
आज बैठक झाली: ऑन्कोलॉजिस्ट, गायनॅक, बाळांचे डॉक्टर, सगळे एका टेबलाशी. मॅमोग्राफीत दुसरी बाजू स्वच्छ. छाती, पोट स्वच्छ. हृदयाची सोनोग्राफी झाली, कारण लाल औषध हृदयावर ताण देतं.

गर्भपाताचा विषय वहिनीनेच काढला. डॉक्टर म्हणाले, त्याने कॅन्सर बरा होण्याची शक्यता वाढत नाही. निर्णय तुमचा आहे, पण 'जीव वाचवायला करावं लागतंय' अशा समजुतीने करू नका. सहाव्या-सातव्या आठवड्यात कळलं असतं तर बोलणं वेगळं झालं असतं, कारण तेव्हा थांबणं किंवा सोडणं असाच पर्याय उरतो. वहिनी म्हणाली, मग ठेवायचं. त्या दिवशी ती पहिल्यांदा स्पष्ट आवाजात बोलली.

दादाने विचारलं, आधी ऑपरेशन का नाही? ते गरोदरपणात करता येतं, पण काखेत गेलेल्या ट्रिपल निगेटिव्हला केमो आधी हीच त्यांची पद्धत आहे, गाठ औषधाला दाद देते का तेही डोळ्यांसमोर दिसतं. रेडिएशन मात्र बाळंतपणानंतरच.

मग त्यांनी फळ्यावर कॅलेंडर काढलं, आणि गंमत म्हणजे उलटं. आधी शेवटी लिहिलं: बाळंतपण ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर. त्याच्या आधीचे तीन आठवडे कोरे ठेवले. म्हणजे शेवटची केमो ३४व्या आठवड्यात. मग मागे येत येत २१, २४, २७, ३० या आठवड्यांत लाल औषध आणि सायक्लोफॉस्फामाइड, चार वेळा. ३३ आणि ३४ मध्ये पॅक्लिटॅक्सेल. तीन कोरे आठवडे का ते मला नीट कळलं नाही, विचारायचं धाडस झालं नाही.

शुभ्रा
फार महत्त्वाचे आहेत ते. केमोनंतर साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्याच दिवसांत कळा आल्या तर आईला जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव यांची भीती, आणि बाळाच्याही पांढऱ्या पेशी कमी असू शकतात. दुसरं, पोटात असताना बाळाकडे पोचलेलं औषध वारेमार्फत आईकडे परत जाऊन बाहेर पडतं. नाळ कापली की तो रस्ता बंद, आणि नवजात बाळाचं लिव्हर-किडनी अजून कच्चं. म्हणून कोरे आठवडे. ३५व्या आठवड्यानंतर आम्ही सुरूच करत नाही, कारण तेव्हा कळा कधी येतील याचा नेम नाही.

दर आठवड्याला देतात त्या पॅक्लिटॅक्सेलबाबत डॉक्टरांमध्ये थोडा मतभेद दिसतो. त्यात पेशी एवढ्या कोसळत नाहीत, म्हणून काही जण दोन आठवडेही पुरे म्हणतात. आमच्याकडच्या दोन मॅडमचंच आपसांत जमत नाही यावर.

घरी लक्षात ठेवायचं एवढंच: ताप ३८ अंश (थर्मामीटरवर १००.४) झाला की गोळी घेऊन वाट बघायची नाही, मध्यरात्र असली तरी निघायचं. आणि खुर्चीत किंवा पलंगावर केमो घेताना उजव्या कुशीखाली उशी घालून डावीकडे कलतं झोपवा. उताणं झोपलं की बाळाचं वजन मोठ्या शिरेवर येतं, चक्कर येते, रक्तदाब पडतो. एमआरआय लागला तर तिथेही सांगा. उलटीसाठी स्टिरॉइड देतील, तेव्हा डेक्सामेथासोन आहे की मिथाइलप्रेडनिसोलोन ते विचारा. दुसरं वारेत बरंचसं मोडतं, पहिलं पलीकडे जातं. आमच्याकडे बदलून देतात.

नीलाक्षी
अपडेट. दोन सायकल झाल्या. आणि शुभ्राताई, तुम्ही बजावूनसुद्धा आम्ही चुकलो.

दुसरीनंतर दहाव्या दिवशी रात्री साडेअकराला ताप १०१. वहिनी म्हणाली, सकाळी बघू, दादा दमलाय. मी तिथेच होते, मीही हो म्हणाले. सकाळी सहाला १०२.६, अंगाला कापरं आणि पोट मधूनमधून दगडासारखं घट्ट होत होतं. रक्तात लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ३८०. चार दिवस शिरेतून अँटिबायोटिक. पोट घट्ट होणं पहिल्या दिवशीच थांबलं, बाळाचे ठोके ठीक. आता पुढच्या सायकलनंतर पेशी वाढवणारं इंजेक्शन देणार आहेत.

शुभ्रा
रागवत नाही. पण सहा-साडेसहा तास गमावलेत. तापानेच कळा सुरू होऊ शकतात आणि त्या २५व्या आठवड्यात आल्या असत्या. ते इंजेक्शन गरोदरपणात देतात, घाबरू नका. एका पायाला सूज, पोटरी दुखणं, धाप लागणं हेही बघत राहा. कॅन्सर आणि गरोदरपण, दोन्हींत रक्त गोठायची सवय वाढते.

वाटसरू
माझा कॉन्ट्रास्टचा सल्ला चुकला होता, मान्य. एक विचारू? रक्तातल्या मार्करनी गाठ कमी होतेय का ते बघता येईल ना? सीए १५-३ वगैरे. सुईच्या एका टोचण्यात काम.

क्षकिरण
मोठ्या मनाने लिहिलंत, बरं वाटलं. मार्कर इथे नको. गरोदरपणात ते आपोआप वर-खाली होतात. अल्कलाइन फॉस्फटेजही वारेमुळे वाढतं आणि मग हाडात पसरलंय की काय म्हणून घरभर रडारड होते. सोनोग्राफीवर गाठ मोजणं आणि डॉक्टरांचा हात, हेच खरं.

नीलाक्षी
२९ आठवडे. तिसरी सायकल पार पडली. गाठ २.९ वरून १.७ सेंमी. आम्ही आनंदात असतानाच बाळाच्या सोनोग्राफीत वजन मागे पडलेलं निघालं. शंभर बाळं ओळीत उभी केली तर खालून आठवं म्हणाले. वारेकडून जाणारं रक्त, बाळाच्या मेंदूकडच्या शिरेतला वेग, गर्भजल, सगळं ठीक. आता चौथी सायकल द्यायची की नाही? गायनॅक म्हणतात, आठवडाभर थांबून पुन्हा मोजू. ऑन्कोलॉजिस्ट म्हणतात, रक्तपुरवठा चांगला आहे तर वेळेवर देऊ. घरात पुन्हा तीच तीन मतं.

अजातशत्रू
मी म्हणत होतो.

मृद्‌गंध
अजातशत्रू, हे वाक्य आत्ता कुणाच्या उपयोगाचं आहे?

नीलाक्षी, त्या दोघांना एका खोलीत बसवा. वेगवेगळ्या फोनवर ऐकलं तर तुम्हाला दोन भांडणं दिसतील, समोरासमोर बहुतेक एकच योजना निघेल.

क्षकिरण
लहान बाळ आणि उपाशी बाळ यांत फरक असतो, आणि तो डॉप्लरमध्ये दिसतो. वारेकडचा प्रवाह चांगला, पाणी चांगलं, म्हणजे बाळ आज तरी तंगीत नाही. मेंदूच्या शिरेतला वेग बघतात तो बाळाला रक्त कमी पडलंय का हे ओळखायला, केमोमध्ये ते महत्त्वाचं. वजनाचा एकच आकडा धरून बसू नका, त्यात दहा टक्क्यांची चूक सहज असते. दोन मापांतली वाढ बघायची आणि त्यासाठी मध्ये किमान दोन आठवडे हवेत. एका आठवड्यात पुन्हा मोजलं तर मापण्यातली चूकच मोजली जाते. निर्णय अर्थात त्या दोघांचा, मी लांबून बोलतोय.

नीलाक्षी
मृद्‌गंधताई, बसवलं. पंधरा मिनिटं लागली. चौथी सायकल ३०व्या आठवड्यात वेळेवर दिली, डॉप्लर दर आठवड्याला, वजन दोन आठवड्यांनी. बाळ आपल्या रेषेवर वाढतंय, लहान पण सरळ.

नीलाक्षी
आज ३५ आठवडे. ३३ आणि ३४ चे दोन्ही डोस झाले, कोरे आठवडे सुरू. गाठ १.१ सेंमी. बाळ अंदाजे २ किलो. कळा आपल्या आपण आल्या नाहीत तर ३७ आठवडे २ दिवसांना कळा आणणार, सिझर लागेलच असं नाही म्हणाले. बाळाच्या रक्ताची तपासणी पहिल्याच दिवशी, आणि वार तपासायला पाठवणार. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत उरलेलं पॅक्लिटॅक्सेल, सोबत आत्तापर्यंत राखून ठेवलेली इम्युनोथेरपी, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. बीआरसीए जनुकाचा रिपोर्ट यायचाय, तो आला तर ऑपरेशन कुठलं हेही बदलू शकेल.

वहिनीचे दोन प्रश्न. बाळाला पहिले काही दिवस तरी अंगावर पाजता येईल का? आणि पेट स्कॅन आता करतील, त्यानंतर बाळाला जवळ घेता येईल का?

शुभ्रा
शेवटची केमो होऊन तीन आठवडे झालेले असतील, म्हणून पहिल्या दिवसांतलं चिकाचं दूध देता येईल का हे बाळाच्या डॉक्टरांना नक्की विचारा. आमच्याकडे एकीला दिलं होतं, एकीला नको म्हणाले. पुढची केमो सुरू झाली की मात्र नाही, औषध दुधात उतरतं. आणि भरलेल्या स्तनावर ऑपरेशन त्रासाचं होतं, दूध जखमेतून झिरपत राहतं. तेव्हा आटवावं लागेलच. तिला हे आधीच सांगा, ऐन वेळी नको.

क्षकिरण
पेट झाल्यावर बाळाला काही तास दुसऱ्या कुणीतरी सांभाळायचं. त्या साखरेतला किरणोत्सर्ग सुमारे ११० मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून सकाळी स्कॅन केला तर संध्याकाळी ती बाळाला मांडीवर घेऊ शकेल. नेमके तास तिथला विभाग लिहून देईल. सकाळची वेळ मागून घ्या.

नीलाक्षी
सकाळचीच मागते. आई म्हणाली, तेवढे तास बाळ माझ्याकडे. एप्रन लागणार का, असंही विचारायला सांगितलंय तिने.

क्षकिरण
नाही लागणार. पण घालायचाच असेल तर मी वाद घालत नाही.